वायफायचा पासवर्ड बदलला की अर्धं घर ऑफलाइन का जातं, आणि सगळं परत कसं जोडायचं

दर सहा-आठ महिन्यांनी आमच्या नात्यात किंवा बिल्डिंगमध्ये कुणाचा तरी फोन येतोच, की पासवर्ड बदलला आणि आता टीव्ही चालत नाही, प्रिंटर सापडत नाही, आणि काकांचा फोन म्हणतो कनेक्टेड आहे पण व्हॉट्सअ‍ॅप गोल गोल फिरतंय. दरवेळी कारणं तीच चार-पाच असतात म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून ठेवावं. उदाहरण सांगलीच्या मावशीच्या घरचं घेतो कारण तिथे सगळे प्रकार एकाच वेळी झाले. खाली हॉलमध्ये फायबरवाल्याचा डबा, वर जिन्यापाशी लावलेला रेंज वाढवायचा एक्स्टेंडर, घरातले फोन, भाच्याचा लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, गिझरचा स्मार्ट प्लग, गेटवरचा कॅमेरा आणि गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर. मधल्या काळात भाडेकरू बदलले, त्यांच्याकडे पासवर्ड राहिला होता, म्हणून बदलायचं ठरलं. कारण अगदी रास्त होतं.

आधी नेमकं होतं काय ते बघू, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. कुठलंही डिव्हाइस वायफायचं नाव आणि त्याचा पासवर्ड अशी जोडी आपल्याजवळ लिहून ठेवतं. तुम्ही राउटरमध्ये फक्त पासवर्ड बदलता, नाव तेच राहतं, त्यामुळे डिव्हाइसला वाटतं की हे तर आपलंच ओळखीचं नेटवर्क, आणि ते जुना पासवर्ड घेऊन पुन्हा पुन्हा दार वाजवत बसतं. ज्याला स्क्रीन आहे ते कधीतरी तुम्हाला नवीन पासवर्ड विचारेल (आणि कधी कधी विचारणारही नाही, नुसतं `Saved` दाखवून गप्प बसेल), पण प्लग, कॅमेरा, इन्व्हर्टर यांना विचारायला तोंडच नाही. ते दिवसेंदिवस जुनाच पासवर्ड लावत राहतात आणि आपल्याला वाटतं वस्तू बिघडली.

यातूनच एक सुटकेचा मार्गही निघतो, तो आधीच सांगतो कारण घाबरायला होतं तेव्हा हाच उपयोगी पडतो. रात्रीचे दहा वाजलेत, सकाळी कुणाचं ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे आणि काहीच जुळत नाहीये, तर राउटरमध्ये जुनाच पासवर्ड जसाच्या तसा परत टाका. नाव तेच, पासवर्ड तोच, सिक्युरिटीचा प्रकार तोच, म्हणजे ज्यांच्यावर तुम्ही अजून हात फिरवला नाही ती सगळी डिव्हाइसं आपणहून परत येतात. रविवारी निवांत करा मग. नवीन राउटर घेतला तरी हाच नियम लागू होतो, त्याला जुनं नाव आणि जुना पासवर्ड दिला तर घरातल्या कुणाला कळतही नाही की डबा बदलला.

बदलण्याआधी

राउटरच्या पानावर जाऊन आत्ता कोण कोण जोडलेलं आहे त्याचा फोटो काढून ठेवा. हे पान कुठे `Connected Devices`, कुठे `DHCP Client List`, कुठे नुसतं `Clients` नावाने असतं. मावशी म्हणत होती "अरे फोन आणि टीव्हीच तर आहे", आणि यादीत त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त निघाले, त्यात सोलरचे आकडे अ‍ॅपला पाठवणारा गच्चीवरचा लॉगर होता जो लावून गेल्यापासून कुणी आठवलाही नव्हता. हा फोटो नसेल तर महिनाभराने सोलरच्या अ‍ॅपमध्ये युनिट्स दिसत नाहीत म्हणून बोंब होते आणि तेव्हा कुणाला आठवत नाही की मध्ये पासवर्ड बदलला होता.

राउटरच्या पानावर जायचा पत्ता त्याच्या खालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक वेळा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1`, जिओचा असेल तर `192.168.29.1`. स्टिकर फाटलेला असेल तर विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका:

```
ipconfig
```

`Default Gateway` समोर किंवा त्याच्या लगेच खालच्या ओळीत `192.168.1.1` सारखा जो आकडा येईल तोच पत्ता. तो ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत टाकताना पुढे `http://` लावा, नाहीतर ब्राउझर त्याला शोधायचा शब्द समजतो आणि भलतीच पानं दाखवतो. फोनवरून करत असाल तर मोबाइल डेटा बंद करा. पण खरं सांगू का, शक्य असेल तर लॅपटॉपला लॅन केबल लावूनच करा, कारण फोनवरून वायफायने आत गेलात तर `Save` दाबल्या क्षणी तुमचाच फोन बाहेर फेकला जातो, पान अर्धवट लोड होऊन अडकतं आणि कळत नाही सेव्ह झालं की नाही. केबलने जोडलेल्या वस्तूंना वायफायच्या पासवर्डशी काही देणंघेणं नसतं, त्यांचं सगळं चालूच राहतं.

आता इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. राउटरला दोन पासवर्ड असतात. एक त्याच्या सेटिंगच्या पानात शिरायचा, म्हणजे लॉगिन, आणि दुसरा वायफायचा. लोक `System` किंवा `Management` मध्ये जाऊन `Change Password` दिसलं की तेच बदलतात, खूश होतात, आणि वायफाय जुन्याच पासवर्डवर चालत राहतं, म्हणजे ज्याला हाकलायचं होतं तो भाडेकरू आरामात नेट वापरतोय आणि तुम्ही तुमच्याच राउटरच्या लॉगिनला विसरून बसलात.

आणि लॉगिन आठवत नाही म्हणून मागच्या भोकात पिन घालून रिसेट करू नका. स्वतः विकत घेतलेला साधा राउटर असेल आणि त्याच्या मागे फायबरवाल्याचा वेगळा डबा असेल तर कदाचित निभावेल, पण फायबरवाल्याच्याच डब्याला रिसेट मारलात तर त्यात त्यांनी भरलेलं युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन नंबर असं सगळं पुसलं जाऊ शकतं आणि मग इंटरनेटच बंद, माणूस येईपर्यंत वाट बघा. त्यापेक्षा त्यांच्या कस्टमर केअरला फोन करून लॉगिन विचारा, बऱ्याच कंपन्यांच्या अ‍ॅपमधूनही वायफायचा पासवर्ड बदलता येतो.

बदलताना

तुम्हाला हवं असलेलं पान `Wireless` किंवा `WLAN` या नावाखाली सापडेल. पासवर्डच्या चौकटीला सरळ `Password` म्हणतील असं नाही, `WPA Passphrase`, `Pre-Shared Key`, `WPA PreSharedKey` असलं काहीतरी लिहिलेलं असतं, तेच ते. ही चौकट बहुतेक वेळा दोनदा असते हे लक्षात ठेवा, कारण राउटर दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर वायफाय सोडतो, एकदा २.४ गिगाहर्ट्झसाठी आणि एकदा ५ गिगाहर्ट्झसाठी. मावशीकडच्या डब्यात तर `SSID1` ते `SSID8` अशी लांबलचक यादी होती, `SSID` म्हणजे वायफायचं नाव, पहिले चार २.४ चे आणि पुढचे चार ५ चे, त्यातले चालू फक्त `SSID1` आणि `SSID5`. भाच्याने आधीच `SSID1` चा बदलून ठेवला होता आणि ५ चा तसाच, त्यामुळे एकाच खोलीत बसून एकाचा फोन नवीन पासवर्ड घेत होता आणि दुसऱ्याचा जुना, आणि दोघं आपापल्या जागी खरे. म्हणून दोन्हीकडे बदला, आणि गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, चालू असेल तर तिथेही बघा, कारण भाडेकरूला तोच दिलेला असू शकतो.

पासवर्ड कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा चालतो. माझं मत असं की चिन्हांचा मसाला भरून आठ-दहा अक्षरांचा अवघड पासवर्ड करण्यापेक्षा साधे शब्द जोडून लांब करावा, उदाहरणार्थ `vangi-bharit-2-bhakri` असा काहीतरी (हा नको, तुमचा तुम्ही करा). टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर निवडून `$` आणि `^` शोधायचे म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. शिवाय काही स्वस्तातले कॅमेरे आणि प्लग विचित्र चिन्हं असली की अडखळतात. मराठी अक्षरं, इमोजी तर अजिबात नको. मोठा ओ आणि शून्य, छोटा एल आणि एक, हे एकमेकांसारखे दिसतात, ते टाळा. आणि फोनवरून टाइप करत असाल तर शब्दाच्या शेवटी कीबोर्ड आपणहून एक स्पेस टाकतो, ती दिसत नाही पण राउटर ती पासवर्डचाच भाग धरतो, मग सगळ्यांना "पासवर्ड चुकीचा". डोळ्याच्या आयकॉनवर दाबून एकदा बघून घ्या.

तिथेच बाजूला सिक्युरिटीचा प्रकार असतो, `WPA2-PSK`, `WPA2/WPA3`, `WPA3` वगैरे. आलोच आहोत तर हेही सुधारून टाकू असं वाटतं, आणि लोक `WPA3` निवडतात. पासवर्ड बरोबर टाकूनही जुना प्रिंटर किंवा प्लग जोडला जात नसेल तर पहिला संशय इथे घ्या, कारण जुन्या डिव्हाइसांना नुसतं `WPA3` कळतच नाही. `WPA2-PSK` आणि `AES` ठेवा, घराला ते पुरेसं आहे. `WEP` आणि `TKIP` असेल तर मात्र नक्की बदला, ते फार जुनं आणि कच्चं आहे, आयफोन त्यावर `Weak Security` असं लिहून दाखवतो.

नाव बदलायचं की तेच ठेवायचं हाही प्रश्न येतो. मुक्या वस्तूंना दोन्हीकडे सारखाच त्रास, त्या नव्याने जोडाव्याच लागतात. पण फोन-लॅपटॉपच्या बाबतीत नाव बदलणं सोपं पडतं, कारण त्यांना ते नवीन नेटवर्क वाटतं आणि ते सरळ पासवर्ड विचारतात, जुनं पुसत बसावं लागत नाही. घरात वयस्कर माणसं जास्त आणि वस्तू कमी असतील तर मी नावही बदलतो. मावशीने मात्र नाव बदलू दिलं नाही, मावसाजींनी ठेवलेलं आहे म्हणाली, विषय संपला.

`Save` किंवा `Apply` दाबल्यावर ५ गिगाहर्ट्झचं नाव एखाद-दीड मिनिट दिसलं नाही तर गडबडू नका, काही चॅनेलवर सुरू होण्याआधी राउटरला रडार आहे का ते मिनिटभर ऐकावं लागतं. मग राउटर एकदा बंद करून चालू करा आणि पानावर जाऊन बघा की नवीन पासवर्ड टिकलाय ना. काही फायबरवाले लांबून आपली सेटिंग डब्यात ढकलतात, तसं झालं तर रीस्टार्टनंतर किंवा दुसऱ्या दिवशी जुना पासवर्ड परत आलेला असतो. तेव्हा तुम्ही कितीही वेळा बदला, टिकणार नाही, त्यांच्या अ‍ॅपमधून किंवा कस्टमर केअरकडूनच बदलून घ्यावा लागतो. सगळ्या घराला जोडत बसण्याआधी हे तपासलं तर अख्खी दुपार वाचते.

जोडायचा क्रम

पहिला तुमचा स्वतःचा फोन, कारण बाकी सगळ्यांची अ‍ॅप्स त्यात आहेत. अँड्रॉइडवर वायफायच्या यादीत घराच्या नावावर जाऊन `Forget`, मग परत त्याच नावावर टॅप करून नवीन पासवर्ड. आयफोनवर नावापुढचा गोलातला `i` आणि `Forget This Network`. हे फरगेट करणंच महत्त्वाचं, नुसतं वायफाय बंद-चालू करून जुना पासवर्ड जात नाही. अँड्रॉइड १० किंवा पुढचा असेल तर जोडल्यावर `Share` दाबून क्यूआर कोड काढा, घरातल्या बाकीच्यांनी कॅमेऱ्याने स्कॅन करायचा, आयफोनचा साधा कॅमेराही तो वाचतो, कुणाला काही टाइप करायला नको.

विंडोज लॅपटॉप `Can't connect to this network` म्हणत हटून बसला तर त्याची आठवण पुसायची कमांड अशी, नावाच्या जागी तुमच्या वायफायचं नाव, अवतरणचिन्हं तशीच ठेवून:

```
netsh wlan show profiles
netsh wlan delete profile name="Ghar"
```

पहिल्या ओळीने जतन केलेली सगळी नावं दिसतात, दुसरीने ते एक पुसलं जातं, मग यादीतून नव्याने जोडा.

दुसरा नंबर एक्स्टेंडरचा, आणि इथे जरा थांबतो कारण मावशीकडचा सगळा गोंधळ यानेच वाढवला होता. खालच्या मजल्यावर सगळ्यांनी नवीन पासवर्ड टाकला, चाललं. वरच्या खोलीत मावसाजींचा फोन मात्र जुन्याच पासवर्डवर मस्त कनेक्ट झालेला, फुल कांड्या, आणि नेट शून्य. ते म्हणाले "तुम्ही पासवर्ड बदललाच नाही, माझा तर चालतोय". झालं असं की एक्स्टेंडर हा स्वतःच एक छोटा राउटर आहे, त्याचं स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड त्याच्या आत लिहिलेला असतो. मुख्य राउटरचा पासवर्ड बदलल्यावर त्याचं खालच्या डब्याशी असलेलं नातं तुटलं, पण वरच्या बाजूला तो जुनं नाव आणि जुना पासवर्ड घेऊन दुकान उघडून बसलेलाच होता. फोन त्याला जोडला जातो, पुढे रस्ताच नाही.

ओळखायची खूण म्हणजे फोनवर येणारा मेसेज. `Check password and try again`, `Incorrect password` असं काही असेल तर भानगड पासवर्डची. `Connected without internet` किंवा तशा अर्थाचं असेल तर तुम्ही ज्याला जोडले गेलात त्याने पासवर्ड मान्य केलेला आहे, अडचण त्याच्या पुढे आहे, मग तिथे पासवर्ड परत परत टाकून काहीच होणार नाही. आणि फक्त एका खोलीत किंवा एका मजल्यावरच असं होत असेल तर एक्स्टेंडरच. बऱ्याच एक्स्टेंडरवर एक दिवा खास मुख्य राउटरशी जोडणीचा असतो, तो लाल किंवा बंद दिसेल.

उपाय असा की एक्स्टेंडरच्या वायफायला फोन जोडा (जुन्या पासवर्डने, तो अजून तोच मागतोय), त्याच्या अ‍ॅपमधून किंवा पानावरून मुख्य नेटवर्क परत निवडा आणि नवीन पासवर्ड द्या. तिथेच त्याचा स्वतःचा पासवर्डही बदला, हे विसरलात तर भाडेकरूचा रस्ता वरून चालूच राहिला. हे जमत नसेल तर एक्स्टेंडर रिसेट केला तरी हरकत नाही, यात फायबरवाल्याचं काही भरलेलं नसतं. राउटर आणि एक्स्टेंडर दोन्हीला डब्ल्यूपीएसचं बटण असेल तर आधी राउटरचं दाबा आणि दोन मिनिटांच्या आत एक्स्टेंडरचं, पासवर्ड न टाकताच जोडला जातो. तरी त्याचा स्वतःचा पासवर्ड बदलला का ते नंतर बघाच. मेश सिस्टिम, म्हणजे मिळून एकच नेटवर्क चालवणारे दोन-तीन डबे, असेल तर यातलं काही नको, तिथे अ‍ॅपमध्ये एकदा बदललं की सगळे डबे आपसात सांगतात.

टीव्हीला `Settings` मध्ये नेटवर्कवर जाऊन जुनं नाव फरगेट करायचं आणि परत जोडायचं, त्यात विशेष काही नाही, रिमोट आणि संयम पाहिजे.

प्रिंटरला स्क्रीन असेल तर त्याच्या मेनूतून वायरलेस सेटअप परत चालवा. स्क्रीन नसलेल्याला डब्ल्यूपीएस सगळ्यात सोपं, राउटरवर ते बंद असेल तर तेवढ्यापुरतं चालू करा आणि काम झालं की परत बंद, आणि हो, राउटर नुसत्या `WPA3` वर असेल तर डब्ल्यूपीएस चालत नाही. लॅपटॉप अजूनही `Offline` दाखवत असेल तर प्रिंटरला राउटरने नवीन आयपी दिलेला असू शकतो, लॅपटॉपमधून प्रिंटर काढून परत अ‍ॅड करा.

स्मार्ट प्लग आणि बल्ब यांची गोष्ट वेगळी. हे जवळपास सगळे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. फोन ५ वर असला आणि दोन्हींची नावं वेगळी असली तर अ‍ॅप प्लगला ५ चं नाव देतं जे त्याला दिसतच नाही, आणि शेवटी "जोडता आलं नाही". म्हणून जोडण्याआधी फोन २.४ च्या नावावर न्या. दोन्हींचं नाव एकच असेल तर बहुतेक वेळा चालून जातं, नाहीच चाललं तर राउटरमधून ५ दहा मिनिटांसाठी बंद करा, प्लग जोडा, परत चालू करा. प्लगचं बटण दिवा भराभर लुकलुकायला लागेपर्यंत दाबून ठेवायचं, साधारण पाच सेकंद, मग अ‍ॅपमधून अ‍ॅड करायचं. अ‍ॅपमधून जुना प्लग आधी डिलीट मात्र करू नका. त्याच अकाउंटवर तोच प्लग परत अ‍ॅड केला तर बहुतेक अ‍ॅप्स त्याला ओळखतात आणि नाव, टायमर जसेच्या तसे राहतात. डिलीट केला की सकाळी साडेपाचचा गिझरचा टायमर गेला, आणि हे कळतं दुसऱ्या दिवशी गार पाण्याखाली.

कॅमेऱ्याला मेमरी कार्ड असेल तर वायफाय नसतानाही तो रेकॉर्ड करत असतो, फक्त फोनवर लाइव्ह दिसत नाही, त्यामुळे त्याची घाई नाही. त्याला रिसेटचं भोक दाबून आवाज किंवा लुकलुक आली की अ‍ॅप फोनवर एक क्यूआर दाखवतं, तो कॅमेऱ्यासमोर धरायचा, त्यातच नवीन पासवर्ड असतो. गेटवरच्या कॅमेऱ्यासमोर भर उन्हात फोन धरला तर स्क्रीन चमकते आणि तो वाचत नाही, ब्राइटनेस पूर्ण वाढवून अंगाची सावली करा, किंवा संध्याकाळी करा. डीव्हीआरला वायरने गेलेले कॅमेरे असतील आणि डीव्हीआर लॅन केबलवर असेल तर त्यांना काहीच करायला नको.

शेवटी गच्चीवरचा सोलर. इन्व्हर्टरला खाली एक छोटी काडी लावलेली असते, तीच वायफायचा लॉगर, आणि तीही बहुतेक २.४ वरच चालते. वीज बनतच असते, मीटर फिरतच असतो, फक्त अ‍ॅपमध्ये आकडा येणं बंद होतं, त्यामुळे पॅनेल बिघडलं असं वाटून लोक इन्स्टॉलरला बोलावतात. मावशीकडच्या लॉगरचं स्वतःचं एक वायफाय असतं, `AP_` आणि पुढे त्याचा सीरियल नंबर अशा नावाचं. फोन घेऊन इन्व्हर्टरजवळ जायचं, मोबाइल डेटा बंद, त्या वायफायला जोडायचं (पासवर्ड लॉगरच्या स्टिकरवर असतो), ब्राउझरमध्ये `10.10.100.254` टाकायचं, लॉगिन `admin` आणि `admin`, आत विझार्डमधून घरचं वायफाय निवडून नवीन पासवर्ड द्यायचा आणि सेव्ह करायचं. फोन मध्येच म्हणतो या वायफायवर इंटरनेट नाही, सोडू का, तर नको म्हणायचं. दुसऱ्या कंपनीचा लॉगर असेल तर पत्ता वेगळा, पण पद्धत साधारण हीच, किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधूनच वायफाय बदलता येतं. आकडे दिसायला थोडा वेळ लागतो, लगेच परत खाली-वर करू नका.

पुढच्या वेळी एवढं करावं लागू नये म्हणून

मावशीकडे वस्तू नव्याने जोडायच्याच होत्या, तर त्या मुख्य वायफायला जोडल्याच नाहीत. राउटरमधलं २.४ चं गेस्ट नेटवर्क चालू केलं, त्याला वेगळं नाव आणि वेगळा लांब पासवर्ड दिला जो कुठल्याच माणसाला सांगायचा नाही, आणि प्लग, कॅमेरा, सोलर तिथे टाकले. जोडताना तेवढ्यापुरता फोनही त्याच नेटवर्कवर न्यायचा, झालं की परत. आता पाहुणे-भाडेकरू येवोत जावोत, मुख्य पासवर्ड हवा तेव्हा बदला, हात लावायचा तो फक्त फोन, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर आणि एक्स्टेंडरला.

टीव्ही आणि प्रिंटर मात्र मुद्दाम मुख्य नेटवर्कवरच ठेवले. गेस्टवरच्या वस्तूंना बऱ्याच राउटरमध्ये मुख्य बाजूचं काही दिसत नाही, त्यामुळे फोनवरून टीव्हीवर कास्ट करणं आणि प्रिंट देणं बंद पडतं. प्लग आणि कॅमेरे इंटरनेटवरून फिरून येतात म्हणून त्यांना फरक पडत नाही. आणि हो, रात्री ठरावीक वेळेला गेस्ट आपोआप बंद व्हायचा टायमर काही राउटरमध्ये असतो, तो चालू नाही ना ते बघा, नाहीतर कॅमेरा नेमका रात्रीच ऑफलाइन.

सगळं झाल्यावर परत ते `Connected Devices` चं पान उघडा आणि आधी काढलेल्या फोटोशी ताडून पाहा. फोटोत असलेलं पण आता नसलेलं कुणी असेल तर ती तुमची राहिलेली वस्तू किंवा हाकललेला भाडेकरू. उलट आता नवीनच काही नाव दिसलं तर लगेच घाबरू नका, हल्लीचे फोन स्वतःचा मॅक पत्ता, म्हणजे राउटरला दिसणारी डिव्हाइसची ओळख, बदलून सांगतात. पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, `A` किंवा `E` असेल तर तो असाच बनवलेला पत्ता, बहुधा घरातलाच फोन. राउटरमध्ये कुणी पूर्वी ठरावीक मॅक पत्त्यांनाच आत घेणारा मॅक फिल्टर लावून ठेवला असेल तर याच कारणाने बरोबर पासवर्ड टाकूनही एखादा फोन आत येत नाही, तेव्हा तो फिल्टर बंद करा, तसाही त्याचा फारसा उपयोग नसतो. मावशीच्या यादीत शेवटपर्यंत एक नाव कमी पडत होतं. ते निघालं भाच्याच्या जुन्या टॅबचं, जो कपाटात चार्जिंग संपून पडलेला होता.